छोट्या खोलीसाठी रूम हीटर घेताय? ऑइल, ब्लोअर की हॅलोजन, आधी हे बघा

नाशिक-निफाडकडे थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि मग घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, कुठला हीटर घेऊ, वीज कमी खाणारा सांगा. दुकानदार ऑइलवाला दाखवतो आणि म्हणतो हा वीज वाचवतो, शेजारचे म्हणतात हॅलोजन स्वस्त पडतो, आणि कुणीतरी सांगतं की ब्लोअर घेऊ नका, तो ऑक्सिजन जाळतो. या तिन्ही गोष्टी अर्धवट नाहीतर चुकीच्या आहेत म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, आणि फक्त छोट्या खोलीबद्दल लिहितोय, म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम, एक खिडकी, एक दार. हॉलचं गणित वेगळं असतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. तिन्ही हीटर विजेची उष्णताच करतात, आणि एका युनिटमधून जेवढी उष्णता ऑइलवाला देतो तेवढीच ब्लोअर देतो आणि हॅलोजनही जवळपास तेवढीच देतो, कारण त्याचा तो लाल-पिवळा उजेडसुद्धा शेवटी भिंतीवर, कपड्यांवर पडून उष्णताच होतो. म्हणजे हजार वॅटचा ऑइल हीटर आणि हजार वॅटचा ब्लोअर तासभर सलग चालले तर दोघांचंही एकच युनिट होणार. फरक कशात आहे, तर ती उष्णता कुठे जाते, किती वेळ हीटर चालू ठेवावा लागतो, आणि तो चालू असताना खोलीत कुणी जागं आहे का. माझ्या मते छोट्या खोलीत हा शेवटचा मुद्दाच सगळ्यात मोठा आहे, आणि दुकानात नेमका हाच कुणी विचारत नाही.

पायरी १ : खोलीला मुळात किती वॅट लागतात ते बघा

दहा बाय दहा आणि दहा फूट उंचीच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. एवढी हवा पाच-सहा अंशांनी तापवायला खरं तर दोन हजार वॅटचा हीटर दोन-तीन मिनिटांत पुरेल, पण तसं होत नाही कारण हवेपेक्षा भिंती, फरशी, कपाट, गादी हे सगळं उष्णता शोषून घेतं, आणि बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या काचेतून, दाराच्या फटीतून ती सतत बाहेर जात राहते.

आता किती जाते याचा अंदाज. समजा खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत, नऊ इंची विटेच्या, आणि एक खिडकी आहे. तर आत-बाहेर दर एका अंशाच्या फरकामागे ढोबळमानाने ५०-६० वॅट बाहेर जातात. बाहेर आठ अंश आणि आत अठरा हवेत म्हणजे दहा अंशांचा फरक, म्हणजे पाचशे-सहाशे वॅट. वर गच्ची असेल तर स्लॅबमधूनही जाते, मग तोच आकडा आठशेपर्यंत पोचतो. याचा अर्थ असा की सुरुवातीला खोली तापवायला मोठा हीटर बरा पडतो, पण एकदा तापली की ती तशीच ठेवायला आठशे-हजार वॅट भरपूर झाले. म्हणून १३ फिनचा, म्हणजे तेरा उभ्या पत्र्याच्या पट्ट्यांचा, तीन हजार वॅटच्या जवळ जाणारा ऑइल हीटर छोट्या खोलीसाठी घेऊ नका, दुकानदाराने कितीही डिस्काउंट दिला तरी. ९ फिनचा पुरतो.

आणि हो, हीटर घेण्याआधी दाराखालची फट आणि खिडकीच्या स्लायडिंगची फट बघा. रात्री हात लावून बघितलं की गार वारा लगेच कळतो. दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवली, खिडकीच्या फटीला फोमची पट्टी चिकटवली आणि जाड पडदा लावला (हीटरला लागणार नाही असा) तरी खोली बऱ्यापैकी टिकते. पण खोली पार डबाबंद करू नका, वरची एखादी झडप किंवा बोटभर फट राहू द्या, दोन माणसं रात्रभर श्वास घेतात तर हवा कोंदट होते.

पायरी २ : हीटरआधी सॉकेट तपासा

हे लोक कायम शेवटी बघतात, बघायला पाहिजे सगळ्यात आधी. आपल्याकडच्या जुन्या घरांत बेडरूममध्ये बहुतेक सहा अँपिअरचे छोटे सॉकेटच असतात. २३० व्होल्टवर सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट. दोन हजार वॅटचा हीटर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. हीटरला मोठा जाड तीन पिनांचा प्लग दिलेला असतो तो याच कारणाने, पण मग काय होतं की माणूस बाजारातून कन्व्हर्टर प्लग आणतो आणि तो मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवतो. हे अजिबात करू नका. एक्स्टेन्शन बोर्डचंही तेच, त्यातली वायर बारीक असते आणि ती गुंडाळून ठेवलेली असेल तर तर अजूनच तापते.

धोका नेमका कसा तयार होतो ते सांगतो. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या जुन्या झाल्या की सैल होतात, पिन घट्ट धरत नाहीत. समजा त्या सैल जागेत फक्त ०.२ ओहमचा रोध आहे. आठशे वॅटचा हीटर साडेतीन अँपिअर ओढतो तेव्हा त्या जागी अडीच वॅटच्या आसपास उष्णता होते, चालून जातं. तोच दोन हजार वॅटवर पावणेनऊ अँपिअर ओढला की तिथे पंधरा वॅट होतात, कारण करंट अडीचपट झाला की उष्णता सहापट होते. रेडिओ दुरुस्तीचं छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटचं असतं, म्हणजे तुम्ही बोर्डाच्या प्लॅस्टिकमध्ये जवळपास तेच बसवून वर रात्रभर झोपताय. हीटरमुळे लागणाऱ्या आगींमध्ये हीटर स्वतः कितीही चांगला असला तरी बोर्ड जळू शकतो, तो असा.

तपासायचं कसं? हीटर फुल्लवर वीस मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि लगेच पिना न धरता प्लगच्या प्लॅस्टिकला आणि सॉकेटच्या तोंडाला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नसेल इतकं गरम असेल तर त्या सॉकेटवर हीटर चालवायचा नाही, वायरमनला बोलवायचं. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लॅस्टिक किंचित वाकलेलं, चालू असताना बारीक चर्र आवाज, किंवा जळका-माशासारखा वास, यातलं एक जरी दिसलं तरी तेच. वास आला की आधी हीटरचा प्लग ओढायचा नाही, कारण तोच भाग तापलेला असतो, आधी एमसीबी खाली पाडायची.

वायरमनला सांगताना असं सांगा: १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डापासून, सरळ वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी आणि अर्थिंग. त्यातला कुठलाही एक भाग गाळायचा नाही. फक्त सॉकेट मोठा बसवून मागची जुनी एक स्क्वेअरची वायर तशीच ठेवणारे लोक आहेत, आणि ते उलट जास्त धोक्याचं आहे कारण मोठा सॉकेट बघून माणूस निर्धास्त होतो. अर्थिंग तर हवंच, ऑइल हीटरचं सगळं अंग पत्र्याचं असतं. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत ३० मिलीअँपिअरची बसवून घ्या.

पायरी ३ : तिघांची ओळख, एकेक करून

ऑइल हीटर म्हणजे ऑइल फिल्ड रेडिएटर. आतलं तेल जळत नाही आणि संपतही नाही, ते सीलबंद असतं, खाली एक एलिमेंट असतो तो तेल तापवतो, तेल फिनमध्ये फिरतं आणि फिन हवा तापवतात. ९ फिनच्या मॉडेलला बहुतेक ८००, १२००, २००० अशा तीन पायऱ्या असतात आणि वेगळा थर्मोस्टॅटचा गोल खटका. काही मॉडेलना मागे छोटा पंखा असतो, तो चालू केला की चारशेएक वॅट वाढतात, ते मोजायला विसरू नका. तापायला वेळ घेतो, वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि बंद केल्यावरही तेवढाच वेळ ऊब देत राहतो. आवाज नाही, उजेड नाही, लाल तार नाही. फिनना हात लागला तर चटका बसतो, लहान मूल असेल तर जपायला हवंच, पण चादर चुकून टेकली तर ती लगेच पेट घेईल असं तापमान नसतं. किंमत मात्र साधारण सात हजारांपासून पुढे.

ब्लोअर म्हणजे फॅन हीटर. आत नायक्रोमची गुंडाळी आणि मागे पंखा, हजार आणि दोन हजार वॅटच्या दोन पायऱ्या. हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. पाच मिनिटांत छोटी खोली कोमट होते, तिघांत हा सगळ्यात झटपट. पण बंद केला की दहा मिनिटांत परत गारवा, कारण हवा तापली, भिंती नाही तापल्या. आवाज करतो. आणि याचा खरा धोका पंख्याशी जोडलेला आहे, पंखा चालतोय तोवर गुंडाळी काबूत, पंखा अडकला किंवा जाळीवर टॉवेल पडला, मागून धूळ साचून हवा कमी झाली की गुंडाळी लालभडक होते. त्यासाठी आत थर्मल कट-आउट असतो, तो वीज तोडतो. ब्लोअर मधेच आपोआप बंद होऊन काही मिनिटांनी परत सुरू होत असेल तर लोक म्हणतात थर्मोस्टॅट चांगलं काम करतंय, पण खोली तापलेली नसताना असं होत असेल तर तो कट-आउट आहे आणि तो सांगतोय की आत हवा अडते आहे. प्लग काढून गार झाल्यावर मागची जाळी ब्रशने साफ करा. पंख्याचा घुर्र आवाज वाढला, वारा कमी झाला, आणि जाळीतून गुंडाळी नेहमीपेक्षा लाल दिसायला लागली तर तो हीटर वापरातून काढायचा, बेअरिंग गेलंय.

हॅलोजनमध्ये तीन उभ्या किंवा आडव्या ट्यूब, प्रत्येकी ४०० वॅट, म्हणजे ४००, ८००, १२०० अशा पायऱ्या. चालू केल्या केल्या सेकंदात ऊब लागते, पण ती तुमच्या अंगाला, हवेला नाही. उन्हात बसल्यासारखं, समोर आहात तोवर ऊब, बाजूला सरकलात की गार. म्हणूनच लोकांना वाटतं हा कमी वीज खातो, आणि एका अर्थी ते बरोबरही आहे, एकटा माणूस टेबलाशी अभ्यासाला बसलाय तर आख्खी खोली तापवायची गरजच काय, चारशे वॅटची एक ट्यूब पायांकडे वळवली की काम झालं. पण दोघे-तिघे असतील किंवा आख्खी खोली उबदार हवी असेल तर हॅलोजन हे त्याचं काम नाही. बहुतेकांना थर्मोस्टॅट नसतो, त्यामुळे खोली तापली तरी तो ओढतच राहतो.

धोक्याच्या बाबतीत तिघांत हॅलोजन मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. ट्यूब उघडी तापते, जाळी पातळ असते, हीटर हलका आणि उभा असतो, मांजर किंवा मूल धडकलं की पडतो आणि पडतो तो बहुतेक गादीवर. समोर तीन फुटांच्या आत पडदा, दुलई, मच्छरदाणी, कपड्यांचा स्टँड काहीही नको. मच्छरदाणीचं तर मुद्दाम लिहितोय, नायलॉनची असते, वाऱ्याने फुगून पुढे येते.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. रोज तासन्‌तास पायाजवळ हॅलोजन ठेवून बसलं की काही आठवड्यांनी नडगीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग येतात. सतत जवळून शेक लागल्याने ते येतात आणि लवकर जात नाहीत. डाग दिसले की हीटर लांब करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या पायांना बधिरपणा असेल तर त्यांच्या पायाशी हॅलोजन ठेवूच नका, भाजतंय हे त्यांना कळतच नाही. आणि तान्ह्या बाळावर तो रोखायचा नाही, ते बिचारं बाजूला सरकू शकत नाही.

आता तो ऑक्सिजनचा मुद्दा. या तिघांतलं काहीच जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन खर्च होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही होत नाही. नाक-घसा कोरडा पडतो तो गरम हवेमुळे, हवा तापली की तिच्यातली पाण्याची वाफ तेवढीच राहते पण आर्द्रतेचा टक्का खाली येतो. तो हीटर कुठलाही असला तरी होणार, खोली वीस अंशांच्या वर नेली नाही तर त्रास बराच कमी होतो. ऑक्सिजनची आणि विषारी वायूची भीती खरी आहे ती कोळशाच्या शेगडीची. शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ, निखारा विझत आलाय असं वाटतं तेव्हासुद्धा तो वायू सोडत असतो आणि त्याला वास नसतो. हीटर महाग पडतो म्हणून कुणी घरात शेगडी आत आणत असेल तर हात जोडून सांगतो, नका आणू. दोन गोधड्या जास्त घ्या.

पायरी ४ : कुठला घ्यायचा

मी तीनच प्रश्न विचारतो. हीटर चालू असताना कुणी झोपणार आहे का? असेल तर ऑइल हीटर, दुसरा पर्याय मी सुचवणारच नाही. कमी वेळासाठी पण आख्खी खोली हवी आहे का, म्हणजे आंघोळ करून आल्यावर कपडे घालेपर्यंत, किंवा बाळाला तेल लावताना? तर ब्लोअर, वीस मिनिटं, आणि मोठं माणूस त्याच खोलीत. एकच माणूस एका जागी जागा बसणार आहे का? तर हॅलोजन, एक किंवा दोन ट्यूब, आणि उठला की बंद. बाथरूममध्ये मात्र तिघांतला कुठलाही नाही, ओल्या जागेत विजेचा हीटर नेऊ नका, बाहेरच्या खोलीतच ठेवा.

घेताना आयएसआय खूण बघा, वायर आणि प्लग जाड आहेत का बघा, आणि पडल्यावर बंद होण्याची सोय आहे का ते दुकानातच करून बघा. चालू हीटर हलकेच उचलला किंवा तिरका केला की तात्काळ बंद झाला पाहिजे. हॅलोजनमध्ये हे बटण खाली बुडाला असतं, जाड सतरंजीवर ते नीट दबत नाही म्हणून काही लोक त्याला चिकटपट्टी लावून दाबून ठेवतात, तसं केलं की ती सोय गेलीच. स्वस्त ब्लोअरला बऱ्याचदा ही सोय नसते.

पायरी ५ : एका खोलीचा पूर्ण हिशोब

माझ्या आत्याचं घर नाशिकला, जुनी बिल्डिंग, वरचा मजला, मागची दहा बाय दहाची खोली, वर गच्ची आणि दोन भिंती बाहेरच्या. आत्या आणि काका दोघंही सत्तरीच्या पुढचे, रात्री तीनदा उठायचं, आणि सांधे आखडतात म्हणून खोली कोमट हवी. म्हणजे झोपेतला वापर, प्रश्नच मिटला, ९ फिनचा ऑइल हीटर. खोलीत छोटेच सॉकेट होते म्हणून आधी वायरमनकडून वर लिहिलं तसं वेगळं सर्किट ओढून घेतलं, हीटर त्याच्या नंतर आणला.

वापर असा बसवला. रात्री नऊला २००० वर चालू, थर्मोस्टॅट फुल्ल, दार बंद. दहाला झोपायला जाताना खटका ८०० वर आणायचा आणि थर्मोस्टॅट हळूहळू उलटा फिरवायचा, टक् आवाज येऊन दिवा विझतो तिथेच सोडायचा. ती जागा म्हणजे आत्ताचं खोलीचं तापमान, त्याच्या खाली गेलं की हीटर आपोआप चालू होणार. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "अरे हा तर बंदच पडला." त्यांना सांगितलं, दिवा विझणं म्हणजे पैसे वाचणं, हात नका लावू. थर्मोस्टॅटवर आकडे असतात १ ते ६ असे, ते अंश नसतात, त्यामुळे टक् आवाजावरच भरवसा ठेवायचा.

आता युनिट. पहिल्या तासाचे दोन युनिट. पुढचे आठ तास ८०० वर सलग चालला असता तर ६.४, पण थर्मोस्टॅट मधेमधे तोडतो, साधारण एकतृतीयांश वेळ बंद राहिला असं धरलं तर सव्वाचार. रात्रीचे मिळून सव्वासहा, महिन्याचे १८५ ते १९० युनिट. महावितरणच्या बिलात १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे टप्पे असतात आणि हीटरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ते वरच्या टप्प्याच्या दराने लागतात. त्यामुळे हिशोब करताना बिलाचा सरासरी दर धरू नका, तुमचा शेवटचा टप्पा कुठला आहे तो दर धरा, वहन आकार मिळवून. समजा तो १२ रुपये आला तर महिन्याला २२५० रुपयांच्या आसपास.

आत्याला तो आकडा जड वाटला, साहजिक आहे. मग काय केलं तर दाराखाली पट्टी, खिडकीला पट्टी, आणि हीटर रात्री साडेबाराला बंद करायचा, दोघांच्या अंगावर जाड दुलई. पहाटेपर्यंत खोली थोडी उतरते पण सोसवते. पहिल्या तासाचे दोन आणि पुढच्या अडीच तासांचे साधारण दीड, म्हणजे रात्रीचे साडेतीन युनिट, महिन्याचे १०५, खर्च साडेबाराशेच्या आसपास. आता तुलना करा. त्याच खोलीत कपडे बदलण्यापुरता ब्लोअर रोज वीस मिनिटं २००० वर लावला तर महिन्याचे वीस युनिट. हॅलोजन ८०० वर रोज दोन तास अभ्यासाला लावला तर ४८ युनिट. म्हणजे ब्लोअर स्वस्त पडला तो वीस मिनिटंच चालला म्हणून. तोच ब्लोअर रात्रभर लावला तर निदान ऑइल हीटरइतकं तरी बिल येईल, वर आवाज आणि धोका वेगळा.

तुमचा हीटर खरंच किती ओढतो ते मीटरवरूनही कळतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती पल्स ते शेजारी छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून हीटर लावा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. २००० वॅटला १०७ च्या आसपास येतात, ८०० वॅटला ४३. खेड्यात रात्री व्होल्टेज पडतं तिथे २०० व्होल्टला तोच दोन हजारांचा हीटर दीड हजारच ओढतो, त्यामुळे खोली लवकर तापत नाही म्हणून हीटर खराब आहे असं लगेच समजू नका.

सकाळी एक घोळ होतो तोही सांगतो. गीझर दोन हजारांचा आणि हीटर दोन हजारांचा एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर असतील तर दोन्ही मिळून सतरा अँपिअरच्या वर जातात, एमसीबी लगेच पडत नाही, वेळ घेऊन पडते, आणि तोवर वायर तापत असते. पडली म्हणून मोठी एमसीबी बसवून घेऊ नका, वायर तीच राहते ना. आधी गीझर, मग हीटर. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तोही बघून घ्या.

पायरी ६ : ठेवायचा कुठे आणि सीझन संपल्यावर काय

ऑइल हीटर खिडकीच्या बाजूला ठेवला की तिथून येणारी गार हवा तिथेच तापते, फक्त पडदा त्याला लागता कामा नये, आणि सॉकेट बरोबर त्याच्या डोक्यावर नको. त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, फिन झाकल्या गेल्या की आतला कट-आउट तोडतो आणि रोज रोज तेच झालं की एके दिवशी तो निकामी होतो. टक्-टक् आवाज येतो तो पत्रा तापून पसरल्याचा, घाबरू नका. पण खाली तेलाचा डाग दिसला किंवा तेलाचा उग्र वास आला तर हीटर संपला, तो दुरुस्त करत बसायचा नाही. रात्री उठून बाथरूमला जायच्या वाटेत त्याची वायर आडवी येणार नाही असं बघा, म्हाताऱ्या माणसांना ठेच लागते ती तिथेच.

ब्लोअर बंद करताना आधी हीट बंद करून पंखा मिनिटभर चालू द्या, मग प्लग काढा. हॅलोजनची ट्यूब गरम असताना हीटर उचलून नेऊ नका, आणि ट्यूब बदलताना बोटं लावू नका, कापडाने धरा.

फेब्रुवारीच्या शेवटी ठेवून देताना ऑइल हीटर उभाच ठेवा. माळ्यावर आडवा टाकला असेल तर खाली काढल्यावर तासभर उभा करून ठेवायचा आणि मगच चालू करायचा, नाहीतर तेल एलिमेंटपासून बाजूला गेलेलं असतं आणि एलिमेंट कोरडाच तापतो. ब्लोअर आणि हॅलोजन पिशवीत बांधून ठेवा म्हणजे वर्षभराची धूळ आत जाणार नाही. दिवाळीनंतर बाहेर काढलात की पहिल्यांदा गॅलरीत दहा मिनिटं चालवा, थोडा धुळीचा वास येतो तो तिथेच जाऊ दे, आणि मग प्लगला हात लावून बघायची ती वीस मिनिटांची तपासणी परत एकदा करा, कारण पावसाळ्यात सॉकेटच्या पट्ट्या गंजतात.